असला म्हणजे कसला?

पूर्वपरीक्षेच्या गठ्ठ्यातला तो पेपर मी दोनदा तपासला. पहिल्यांदा तपासला तेव्हा त्या उत्तराला चारांपैकी एक गुण दिला होता. बालकवींच्या ‘औदुंबर’मधल्या शेवटच्या ओळीवरचा प्रश्न होता: ‘औदुंबर कशाचे प्रतीक आहे ते स्पष्ट करा.’ मी स्वतःच काढलेला. नमुना उत्तरात मी लिहून ठेवलं होतं: विरक्ती, तटस्थता, ध्यानस्थ योगी. आणि या मुलीने लिहिलं होतं की तिला ते झाड दमलेलं वाटतं. तिचे आजोबा शेतातून परत येताना पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसतात, बराच वेळ कुणाशी बोलत नाहीत, तसं. तांबड्या पेनाने मी शेजारी लिहिलं, ‘विषयांतर’.

पेपर वाटले तेव्हा ती पेपर घेऊन आली नाही, भांडली नाही. तिच्या बाकावरच्या मुलाला मात्र तीन गुण होते. त्याने गाईडमधली चार वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती आणि त्या चार वाक्यांत ‘औदुंबर’ सोडला तर कवितेतला एकही शब्द नव्हता. दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवल्यावर मला जे दिसलं त्यातून हा लेख आला आहे.

कविता आठच ओळींची आहे आणि बहुतेकांना पाठ असते, तरी ती एकदा समोर असू द्या:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

यात माणूस एकही नाही. गाव आहे, मळे आहेत, पायवाट आहे, पण वाटेवर कुणी चालत नाही. चालते ती वाटच. माणसासारखं वागणारं एकच काही आहे, ते म्हणजे पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या आणि शेवटी काळिमा, असा रंग गडद होत जातो. पण काळिमेच्या आधी ‘गोड’ आहे. आणि ज्याच्या नावावर कविता आहे त्या झाडाला कवीने एकही विशेषण दिलेलं नाही. नुसतं म्हटलं आहे, ‘असला’.

या आठ ओळी वाचून कुणाला त्यात मृत्यूची चाहूल लागते: पांढरी वाट हिरव्यातून वाकडीतिकडी जाते आणि काळ्या डोहाशी संपते. कुणाला जगाकडे पाठ फिरवून बसलेला विरक्त दिसतो. कुणाला ओढ्यात पाय बुडवून बसलेलं निवांत मूल दिसतं. समीक्षेतही यावर एकमत झालेलं नाही. तरी आपण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला विचारतो, ‘कशाचे प्रतीक आहे?’, आणि उत्तराच्या जागी एक नाम असेल असं धरून चालतो.

कवितेला अनेक अर्थ असतात, म्हणून तिच्यावर न्याय्य गुण देताच येत नाहीत, असं शिक्षकांच्या खोलीत सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. अन्याय होतो तो अर्थ अनेक असल्यामुळे होत नाही. गुण कशाला द्यायचे हे न ठरवता आपण तपासायला बसतो, म्हणून होतो. आणि हे फक्त कवितेचं दुखणं नाही. अमेरिकेत 1912 साली स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच त्या उत्तरपत्रिका शंभरावर शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. एकाच पेपरला मिळालेल्या गुणांत तीस-चाळीस गुणांचा फरक निघाला. लोक म्हणाले, भाषेचा विषय, असं होणारच. तेव्हा 1913 मध्ये त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला. त्यातला फरक आणखी मोठा निघाला. पेपर एकच होता. पण कुणी रीतीला गुण देत होतं, कुणी अंतिम उत्तराला, तर कुणी नीटनेटकेपणा नाही म्हणून कापत होतं.

म्हणजे अर्थ एक असला तरी तपासणी एक होत नाही, आणि अर्थ चार असले तरी तपासणी एक होऊ शकते.

याची सुरुवात प्रश्नापासून करावी लागते. ‘कशाचे प्रतीक आहे’ या प्रश्नात दोन गृहीतं लपलेली आहेत: झाड प्रतीकच आहे, आणि ते एकाच गोष्टीचं आहे. ज्या मुलाला झाड हे झाडच वाटतं त्याला या प्रश्नात जागाच नाही. दुसऱ्या टोकाला ‘या ओळीबद्दल तुमचे मत लिहा’ असे प्रश्न असतात. त्यात मुलाला काहीही लिहायची मोकळीक आहे असं वाटतं, पण तपासणाऱ्याच्या मनात एक उत्तर असतंच. हा प्रश्न जास्त फसवा. पहिल्यात मुलाला निदान एवढं तरी कळतं की इथे काहीतरी ओळखायचं आहे.

तोच प्रश्न आता मी असा विचारते: ‘शेवटच्या ओळीतला औदुंबर तुम्हाला कोणत्या मनःस्थितीत बसलेला वाटतो? कवितेतले दोन शब्द किंवा शब्दसमूह घेऊन तुमचे म्हणणे स्पष्ट करा. त्यातला एक शेवटच्या ओळीबाहेरचा असावा. तुमच्या अर्थाशी न जुळणारा एखादा शब्द कवितेत दिसत असेल, तर त्याचा विचार कसा कराल?’ प्रश्न लांबला, हे मान्य. पण गुण कशाकशाला आहेत ते मुलाला पेपर हातात पडताच कळतं. एक गुण अर्थ स्पष्ट मांडला त्याला, अट एवढीच की तो कवितेच्या साध्या अर्थाला मोडत नसावा. दोन गुण दोन शब्दांना, प्रत्येकी एक. शब्द नुसता उतरवला आणि त्याचं आपल्या अर्थाशी नातं सांगितलं नाही तर तो गुण नाही. चौथा गुण न जुळणाऱ्या शब्दाला सामोरं गेल्याचा. कोणता अर्थ निवडला, याला गुणच नाही.

‘साध्या अर्थाला मोडत नसावा’ ही अट मी मुद्दाम घातली आहे, कारण अर्थ अनेक असतात याचा अर्थ कुठलाही अर्थ चालतो असा नाही. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या आणि त्यांनी लिहून दिलेलं सगळं गोळा करून तपासलं. 1929 साली त्यावर त्यांनी लिहिलं. शिकलेली, वाचणारी मुलं, पण अडचणींच्या यादीत त्यांनी पहिली नोंदली ती ही: ओळीचा साधा, सरळ अर्थच लागलेला नाही. दुसऱ्या काही अडचणींत आपल्या जुन्या आठवणी कवितेवर चढवणं होतं आणि ठरावीक ठशाची प्रतिक्रिया देणंही होतं. आपल्या वर्गात या तिन्ही रोज दिसतात, पण त्या वेगवेगळ्या आहेत आणि त्यांना एकच लाल रेघ मारून भागत नाही.

‘औदुंबर’मध्ये साधा अर्थ कुठपर्यंत आणि अर्थनिर्णय कुठून, हे ठरवायला बसलं की मजा येते. गाव टेकडीकडे आहे, वाट डोहाकडे जाते, हा साधा अर्थ. एका मुलाने लिहिलं होतं, ‘पुरात औदुंबर पाण्यात पडला आहे.’ हे साधा अर्थ मोडणं आहे. ‘पाय टाकुनी बसला’ आणि ‘पडला’ यांत कवितेने ठेवलेला फरक त्याने पुसला. दुसऱ्या एकीने लिहिलं, ‘गावातल्या बायका त्या वाटेने डोहावर पाणी भरायला जातात.’ हे कवितेला मोडत नाही, पण कवितेत नाही. त्यावर काही उभं केलं नसेल तर मी ते सोडून देते. त्यावरच अर्थ उभा केला असेल तर शब्दाचा गुण मिळत नाही, कारण शब्दच नाही.

आणि ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’ या ओळीत तर साधा अर्थच दोन रीतींनी लागतो. पसरवणारा कोण? पुढच्या ओळीतला औदुंबर, असं धरलं तर झाड आपल्या सावलीने पाणी झाकोळून टाकतं आहे. काळिमा हाच कर्ता धरला, तर काळोख आपोआप पसरतो आहे आणि झाड त्यात नुसतं बसलं आहे. व्याकरणातला हा लहानसा फाटा पुढे दोन वेगळ्या झाडांपाशी नेतो: एक काही करणारं, एक काहीच न करणारं. अशा जागा गुणदान योजनेत आधीच लिहून ठेवाव्या लागतात, ‘दोन्ही ग्राह्य’. नाहीतर एक परीक्षक एक अन्वय बरोबर धरतो, दुसरा दुसरा, आणि मुलाचं नशीब गठ्ठा कुणाकडे गेला यावर ठरतं.

आता तीन उत्तरं नव्या योजनेवर तपासून पाहते. ती माझ्या वर्गातल्या उत्तरांवरून मी पुन्हा रचली आहेत.

पहिलं गाईडचं. ‘औदुंबर हे विरक्तीचे प्रतीक आहे. औदुंबराखाली दत्तगुरूंचे वास्तव्य असते. बालकवी हे निसर्गकवी होते. त्यांनी निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे.’ अर्थ स्पष्ट सांगितला आहे आणि तो साध्या अर्थाला मोडत नाही. एक गुण. पुढची तीन वाक्यं कवितेबद्दल नाहीत. शेवटची दोन तर बालकवींच्या कुठल्याही कवितेखाली चालतील. एकूण एक. दत्ताच्या संदर्भाबद्दल मात्र थोडं थांबले. मराठी वाचकाला औदुंबर म्हटलं की दत्त आठवतो, हे काही मुलाचं खासगी विषयांतर नव्हे. शब्दच तो संस्कार घेऊन येतो. त्याने एवढंच लिहिलं असतं की ‘बसला’ हा शब्द मला आसनावर बसल्यासारखा वाटतो आणि म्हणून दत्त आठवतो, तर तो गुण मी आनंदाने दिला असता.

दुसरं मृत्यूचं. ‘पांढरी पायवाट हे आयुष्य आहे, ती अडवीतिडवी आहे, हिरव्या कुरणांमधून म्हणजे सुखातून जाते पण शेवटी काळ्या डोहाकडेच जाते. तिथे औदुंबर वाट बघत बसला आहे. बालकवी 1918 साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले, त्यांना आधीच जाणवलं असावं.’ अर्थाला एक. ‘अडवीतिडवी’ आणि ‘काळ्या डोहाकडे’ या शब्दांचं नातं छान सांगितलं, दोन. ‘गोड’चं काय? त्याबद्दल अवाक्षर नाही, चौथा गुण नाही. एकूण तीन. अपघाताच्या वाक्याला मी गुण दिला नाही आणि कापलाही नाही. माहिती खरी आहे, पण ज्या ओळी आधी लिहिल्या गेल्या त्यांना नंतरचा अपघात पुरावा होऊ शकत नाही. असं वाक्य वाचून परीक्षक हमखास प्रभावित होतात, ‘मुलाचा अभ्यास दिसतो’ म्हणून. अभ्यास दिसतो, पण प्रश्न त्याबद्दल नव्हता.

तिसरं आजोबांचं, ज्याला मी एक गुण दिला होता. ‘झाड दमून बसलं आहे असं मला वाटतं. पाय टाकुनी असं लिहिलंय, म्हणजे पाय मुद्दाम सोडले आहेत. माझे आजोबा पाटात पाय सोडतात तेव्हा तसंच दिसतं. शेतमळ्यांची दाट गर्दी आहे म्हणजे काम खूप आहे, त्या गर्दीतून वाट इथे येते. काळिमा गोड आहे कारण सावलीत बरं वाटतं.’ अर्थ, एक. ‘पाय टाकुनी’मधला मुद्दामपणा तिने टिपला, एक. ‘दाट गर्दी’ घेऊन ती शेवटच्या ओळीबाहेर गेली, एक. चौथ्या गुणावर मी बराच वेळ अडले. तिने ‘गोड’ आपल्या बाजूने लावून घेतला आहे, पण तिच्या अर्थाला खरा अडसर आहे तो ‘काळ्या डोहा’चा. विसाव्याची जागा काळी आणि खोल का? तिथे ती गेली नाही. तीन गुण. माझ्या सहकाऱ्याने चार दिले. त्याच्या मते गोड आणि काळिमा यांतला विरोध तिला दिसला, तेवढं पुरे. आम्ही वाद घातला. चारांत एकाचा फरक राहिला. एक आणि तीन यांतला फरक मात्र नाहीसा झाला, आणि तोच आधी घात करत होता.

आजोबांना गुण नाहीत, हेही सांगायला हवं. मुलं लगेच शिकतात की घरचं काही घातलं की बाई पाघळतात. आजोबा हे तिने ‘पाय टाकुनी’ कसं वाचलं ते समजायला उपयोगी पडले, एवढंच. ते वाक्य काढून टाकलं तरी गुण तेच राहतात.

हे एका वर्गात जमलं. बोर्डाचं काय, असा प्रश्न येणारच. दहावीला पंधरा लाखांवर मुलं बसतात. कुमारभारतीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत पद्य विभागाला 16 गुण आहेत, त्यातल्या रसग्रहणाला चार. परीक्षकाकडे गठ्ठा असतो, तारीख असते, घरचा स्वयंपाक असतो. रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे टप्पे ठरलेले आहेत. कल्पना चांगली होती, पण आज ते साचे झाले आहेत. मुलं तीन मथळे लिहितात, त्यांखाली ‘साध्या, सोप्या, ओघवत्या भाषेत’ असं घालतात, आणि तपासणारा मथळे मोजतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मोजता येईल अशी तेवढीच गोष्ट त्याच्या हातात दिलेली आहे.

त्यामुळे मोजायची गोष्टच बदलली पाहिजे. शब्द आणि त्याचं नातं हेही मोजता येतं; मथळ्याइतक्याच वेगाने डोळा ते पकडतो, पंचवीस-तीस पेपरांनंतर सवय होते. अट एक: तपासणी सुरू होण्याआधी नियामकाने आठ-दहा खऱ्या उत्तरांच्या प्रती सगळ्या परीक्षकांना द्याव्यात, प्रत्येकाने एकट्याने गुण द्यावेत आणि मग ते आकडे फळ्यावर लिहावेत. जिथे सगळे जुळतात तिथे बोलायचं काही नाही. जिथे कुणी एक दिला, कुणी चार, तिथेच अर्धा तास घालवायचा. हल्ली होणाऱ्या सभेत नमुना उत्तर वाचून दाखवतात आणि माना हलतात. माना हलल्याने काय कळतं?

दुसरी गोष्ट न सुचलेल्या अर्थाची. योजना करताना चार शहाणी माणसं बसली तरी दमलेलं झाड कुणाला सुचलं नाही, हे मी स्वतःवरून सांगते. इंग्लंडमधल्या परीक्षा मंडळांच्या साहित्याच्या गुणदान योजनांत असं छापलेलं असतं की दिलेले मुद्दे हे केवळ संभाव्य आहेत, इतर कोणतेही समर्थनीय उत्तर ग्राह्य धरावे. आपल्याकडे ‘किंवा तत्सम उत्तर’ असतं, पण ‘तत्सम’ म्हणजे तसंच, वेगळं नव्हे. नवा अर्थ दिसला तर परीक्षकाने तिथेच लाल रेघ मारू नये. पेपर बाजूला काढावा, नियामकाला दाखवावा, आणि ग्राह्य ठरला तर तो सगळ्यांना कळवावा, आधी तपासलेल्या गठ्ठ्यांसह. हे शेवटचे तीन शब्द सगळ्यात महागात पडतात आणि म्हणून तेच वगळले जातात.

माझा एक सहकारी म्हणतो, दोन वर्षांत गाईडवाले हेही छापतील: अर्थ, शब्द एक, शब्द दोन, न जुळणारा शब्द. छापतील. पाठ्यपुस्तकातल्या कवितेवर हा प्रश्न फार दिवस टिकणार नाही, हे मला दिसतं. म्हणून असा प्रश्न न शिकवलेल्या कवितेवर विचारावा, आठ-दहा ओळींच्या, कठीण शब्दांचे अर्थ खाली देऊन. शिकवलेल्या कवितेवर आपण मुलाचं वाचन तपासतो असं म्हणतो, पण बहुतेक वेळा तपासतो ते त्याने आपलं वाचन किती लक्षात ठेवलं.

आणखी एक तक्रार पालकांकडून येते, आणि ती मला रास्त वाटते. बोर्डात उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकनाला टाकता येते. पण प्रतीवर दिसतो तो गोलात लिहिलेला एक आकडा. दोन का, हे त्यात नाही. समासात दोन अक्षरं लिहिली तरी भागेल: ‘श’ म्हणजे शब्दाचं नातं सापडलं, ‘अ’ म्हणजे अडसर पाहिला. जिथे अक्षर नाही तिथला गुण गेला. मी आता तसं करते. वेळ फारसा जात नाही आणि भांडायला आलेलं मूल नेमक्या जागेवर बोट ठेवून भांडतं.

त्या मुलीला मी बोलावून गुण बदलल्याचं सांगितलं, विषयांतर हा शब्द खोडला. ती थोडा वेळ पेपरकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, पण ‘असला’ म्हणजे कसला?” मी सांगायला तोंड उघडलं: असला म्हणजे वर वर्णन केला तसला. मग लक्षात आलं, वर झाडाचं वर्णनच नाही. वर झरा आहे, गाव आहे, वाट आहे. झाड फक्त काळिमेतून, पायांतून कळतं. तिला म्हटलं, बघून सांगते. यंदाच्या पूर्वपरीक्षेत तो प्रश्न घातला आहे, चार गुणांसाठी, आणि नमुना उत्तराची जागा अजून कोरी आहे.